एकच फाइल की दोन? मावसभावाच्या 44 लाखांची गोष्ट

माझा मावसभाऊ नाशिकच्या अंबडला जॉब वर्क करतो, छोटा गाळा आहे, दोन मशिनी आणि चार पोरं कामाला. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी घरी आला आणि चहा व्हायच्या आतच म्हणाला, दादा, तू लोनच्या टेबलावर बसलेला माणूस, जरा एक कागद बघ. कागद म्हणजे एका लोन एजंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला हिशोब होता. मी बारा वर्षं एका पतसंस्थेत कर्ज विभागात होतो म्हणून घरातले सगळे असले कागद माझ्याकडे आणतात, पण हा कागद खरंच बघण्यासारखा निघाला म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, त्याच्या परवानगीनं.

त्याला दोन गोष्टी करायच्या होत्या. मावशी आणि आप्पा निफाडला एकटे राहतात, त्यांना जवळ आणायचं म्हणून पाथर्डी फाट्याला एक रिसेलचा टू बीएचके बघून ठेवला होता, सौदा 42 लाखांत ठरला. आणि गाळ्यात एक सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे धातूचे पार्ट कापणारी कॉम्प्युटरवरची मशीन घ्यायची होती, 12 लाखाला. फ्लॅटची स्टॅम्प ड्युटी 6 टक्क्यांनी अडीच लाख आणि रजिस्ट्रेशनचे 30 हजार, म्हणजे पावणेतीन लाखांच्या थोडं वर. सगळं मिळून 57 लाखांच्या आसपास, त्यातले 13 लाख त्याच्याकडे एफडीत होते, राहिले 44 लाख.

एजंटचं म्हणणं सरळ होतं. सर, तुमचं इंदिरानगरचं रो हाउस क्लिअर आहे, एक रुपया कर्ज नाही, त्याची किंमत 70 लाख धरू, त्यावर एकच लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी करू 44 लाखांचं, 10 टक्के, 15 वर्षं, पैसे तुमच्या खात्यात, फ्लॅट घ्या मशीन घ्या काय करायचं ते करा, एकच फाइल एकच हप्ता. हप्ता 47,283. आणि समोरच्याला 45 दिवसांत पैसे हवे आहेत तर होम लोनच्या भानगडीत पडूच नका.

ऐकायला छान वाटतं, आणि खोटं काही नव्हतं त्यात, लोक असंच घेतात.

आता आधी दोन्ही लोनमधला फरक नीट समजून घ्यायला लागतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की दोन्हीत घरच गहाण असतं मग फरक काय. गहाण घरच असतं, बरोबर. पण होम लोन मिळतं ते घर घ्यायला, बांधायला किंवा त्यातली दुरुस्ती करायला, आणि बँक पैसे तुमच्या हातात देतच नाही, ते थेट विकणाऱ्याच्या किंवा बिल्डरच्या खात्यात जातात. पैसा कुठे गेला याची बँकेला खात्री असते, म्हणून व्याज कमी आणि मुदत लांब, 30 वर्षांपर्यंत. लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी, म्हणजे लॅप, यात तुमचं आधीपासूनचं घर किंवा दुकान तारण ठेवून पैसे तुमच्या खात्यात येतात आणि तुम्ही ते धंदा, शिक्षण, लग्न, आजारपण, जुनी महागडी कर्जं मिटवणं अशा कशालाही वापरू शकता. कशालाही म्हणजे अगदीच कशालाही नाही, फॉर्मवर एंड यूजचं डिक्लरेशन घेतात आणि शेअर बाजारात किंवा सट्ट्यात लावणार नाही असं लिहून घेतातच. पण मोकळीक मोठी आहे, आणि त्या मोकळीकीची किंमत म्हणून व्याज जास्त, मुदत साधारण 15 वर्षं, आणि घराच्या किमतीच्या 60-65 टक्क्यांपर्यंतच रक्कम. होम लोनला रिझर्व्ह बँकेनं कमाल मर्यादाच घालून दिलीय, 30 लाखांपर्यंतच्या लोनला किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांना 80, त्याच्या वर 75. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत, ते खिशातूनच घालायचे, आणि लोक इथेच अडकतात.

म्हणजे मुद्दा असा की मावसभावाच्या 44 लाखांतले 32 लाख घरासाठीच होते. घरासाठीचा पैसा तो घराच्या दराऐवजी मोकळ्या पैशाच्या दरानं घेत होता, कारण काय तर फाइल एक पडते. मी त्याला म्हटलं, अरे मशीनसाठी लॅप घे बाबा, त्याला पर्याय कमीच आहेत, सेकंडहँड मशीनवर मशिनरी लोन द्यायला बँका नाक मुरडतात, पण फ्लॅटला का?

मग आम्ही हिशोब मांडला. त्याच्याच बँकेत, जिथे त्याचं करंट खातं आहे तिथे, होम लोन 8.25 टक्क्यांनी मिळत होतं, सिबिल चांगला होता आणि तीन वर्षांची रिटर्न्स भरलेली होती. 42 लाखांच्या 80 टक्के म्हणजे 33.60 लाख नियमानं बसत होते पण उत्पन्न बघून बँकेनं 32 लाख दिले. तेवढ्यात भागतच होतं, फ्लॅटमधले उरलेले 10 लाख आणि स्टॅम्प ड्युटी त्याच्या 13 लाखांतून जात होती.

32 लाख 8.25 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतले तर हप्ता 31,044. मशीनचे 12 लाख लॅपमधून 10 टक्क्यांनी, पण 15 वर्षांसाठी नाही, 7 वर्षांसाठी, हप्ता 19,921. दोन्ही मिळून 50,965, म्हणजे एजंटच्या हप्त्यापेक्षा महिन्याला 3,700 जास्त. मावसभावाचा चेहरा लगेच पडला. पण पुढचं बघ म्हटलं, सात वर्षांनी मशीनचं कर्ज संपतं आणि हप्ता 31 हजारांवर येतो, एजंटच्या हिशोबात मात्र 47 हजारच पंधरा वर्षं चालू. एकूण व्याज एजंटच्या मार्गानं 41 लाखांवर, आणि आमच्या मार्गानं 28.60 लाख. साडेबारा लाखांचा फरक, मशीनची किंमतच वसूल.

इथपर्यंत कुणीही सांगेल, की दर कमी तर व्याज कमी. पण मावसभावानं एक प्रश्न विचारला आणि तो मला खरंच आवडला. म्हणाला दादा, तू मुदत पण बदललीस ना, मग फरक दराचा की मुदतीचा? बरोबर पकडलं पोरानं. म्हणून दुसरा हिशोब केला, होम लोन 20 वर्षं आणि लॅप 10 वर्षं. हप्ता 27,266 आणि 15,858, मिळून 43,124, म्हणजे एजंटपेक्षा चार हजारांनी कमी. आणि एकूण व्याज? 40.50 लाखांच्या जवळपास, म्हणजे एजंटच्या 41 लाखांच्या अगदी शेजारी. दराचा सगळा फायदा मुदतीनं खाऊन टाकला. फक्त दराचं बघायचं तर 32 लाखांवर 15 वर्षं 10 टक्क्यांनी हप्ता 34,387 झाला असता, म्हणजे 8.25 नं महिन्याला 3,300 वाचतात, 15 वर्षांत सहा लाख. उरलेले साडेसहा लाख वाचले ते मशीनचं कर्ज लॅपच्या 15 वर्षांत ताणलं नाही आणि सातातच संपवलं म्हणून, आणि ही बाजू कुणी बोलतच नाही कारण सगळे हप्ता विचारतात. मशीन सात-आठ वर्षांत जुनी होणार आणि तिचं कर्ज पंधरा वर्षं फेडत बसायचं, हे मला आधीपासूनच पटत नव्हतं.

म्हणजे धंदा जरा हलका चालला तर काय करायचं, हा त्याचा पुढचा प्रश्न. त्यावर तडजोड अशी की होम लोन 20 वर्षांचं घ्यायचं, हप्ता 27 हजार, आणि चांगल्या महिन्यात जास्तीचे पैसे प्रिन्सिपलमध्ये भरत जायचे. फ्लोटिंग, म्हणजे बदलत राहणाऱ्या रेटच्या होम लोनवर व्यक्तीला प्रीपेमेंट चार्ज लावायला कधीपासूनच बंदी आहे. लॅपचं तसं नव्हतं, धंद्यासाठी घेतलेलं असेल तर लवकर फेडताना दोन-चार टक्के कापले जायचे, आणि एजंट हे कधी सांगत नसतो. आता रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमानं 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग लोनवर, व्यक्तीनं किंवा छोट्या उद्योगानं धंद्यासाठी घेतलं असेल तरी, बँकांना असा चार्ज लावता येत नाही, काही छोट्या संस्थांना सूट आहे पण तिथेही 50 लाखांपर्यंतच्या लोनला मनाई आहे. त्याचं लोन जानेवारीत मंजूर होणार होतं म्हणून हे कामाला आलं, नाहीतर मी त्याला डिसेंबरात सही करायची नाही म्हणालो असतो. फिक्स्ड रेटचं लोन असेल तर मात्र सँक्शन लेटर नीट वाचा.

सँक्शन लेटर वाचा यावरून आठवलं. एजंटचं लॅप एका फायनान्स कंपनीचं होतं आणि त्यात रेट कंपनीनं स्वतःच ठरवलेल्या प्राइम लेंडिंग रेटला जोडलेला होता. बँकांना व्यक्तींच्या नव्या फ्लोटिंग लोनसाठी 1 ऑक्टोबर 2019 पासून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, यासारखा बाहेरचा बेंचमार्क धरावा लागतो, फायनान्स कंपन्यांना ती सक्ती नाही. 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.25 वर आला, रेपोशी जोडलेल्या लोनचे दर त्याच्यामागे उतरले, आणि ज्यांचं लोन कंपनीच्या स्वतःच्या रेटला होतं त्यांना स्वतः फोन करून, कधीकधी कन्व्हर्जन फी भरून, रेट खाली आणून घ्यावा लागला. दर वाढतात तेव्हा मात्र कुणाला फोन करावा लागत नाही, हे गमतीचं आहे. म्हणून किती टक्के यापेक्षा कशाला जोडलेलं आणि किती महिन्यांनी रिसेट हे आधी विचारायचं.

आता खरी गंमत. हिशोब झाला तरी मावसभाऊ अर्ध्या मनानं एजंटकडेच होता, दोन फाइली दोन व्हॅल्युएशन दोन वेळा धावपळ, गाळा सोडून कधी पळायचं. तो म्हणाला आधी लॅपचं व्हॅल्युएशन तर होऊ दे. झालं. व्हॅल्युअर आला, मोजमाप घेतलं, आणि मागच्या बाजूला आप्पांनी वीस वर्षांपूर्वी बांधलेली खोली आणि वरची शेडची रूम मंजूर नकाशात नाही म्हणून हिशोबातच धरली नाही. 70 लाखांचं घर 61 लाखांवर आलं. त्याचे 60 टक्के म्हणजे 36.60 लाख. 44 लाख बसतच नव्हते. म्हणजे एजंटच्या मार्गानं गेला असता तर फ्लॅटचं टोकन देऊन अर्ध्यात अडकला असता. नाशिकमध्ये हे फार घरांत आहे, जुन्या रो हाउसला मागे एक खोली वाढवलेली, बाल्कनी बंद केलेली, आणि घरपट्टीची पावती आहे म्हणून लोक निर्धास्त. घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम मंजूर झालं असं नसतं. बँक मंजूर नकाशा आणि महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला मागते. सिडकोच्या ज्या घरांची जमीन लीजवर आहे त्यांना तर गहाण ठेवायला सिडकोची एनओसी पण लागते. आणि शेतीवर लॅप मिळेल का असं निफाडकडचे पाहुणे नेहमी विचारतात, द्राक्षाची बाग एकरात कोटीची असली तरी नाही, कारण थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता तारण विकायची मुभा बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलीय, बँकेला ती वसुलीसाठी सहज विकता येत नाही, म्हणून शेतीला लॅप नाही, पीक कर्ज आणि शेतीच्या इतर कर्जांचा रस्ता वेगळा.

12 लाखांसाठी मात्र 61 लाखांचं घर चिकार होतं, म्हणून त्या बाजूनं काही अडलं नाही. अडलं ते दुसरीकडे. रो हाउस मावसभाऊ आणि त्याचा पुण्यातला धाकटा भाऊ अशा दोघांच्या नावावर. लॅपला जेवढे मालक तेवढे सगळे सहअर्जदार लागतात, एकाला वगळून चालत नाही. धाकट्याला वाटलं नुसती सही आहे. तसं नाही, ते कर्ज त्याच्या सिबिल रिपोर्टमध्ये येतं, आणि तो स्वतः पुढच्या वर्षी हिंजवडीला फ्लॅट बघतोय, बँक त्याची ऐपत मोजताना हा हप्ता पण धरणार. 44 लाख आणि 12 लाख यांतला फरक इथे त्याला सगळ्यात जास्त कळला. तो म्हणाला बारा असेल तर सही करतो, चव्वेचाळीसला नको, आणि खरं सांगायचं तर आमचा सगळा हिशोब राहू दे, यानंच विषय संपवला.

होम लोनच्या फाइलला बँकेच्या वकिलानं फ्लॅटच्या मालकीचा 30 वर्षांचा सर्च काढला, खरेदीच्या नोंदीचा इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, विकणाऱ्याचं जुनं लोन फिटल्याचं पत्र. ते पत्र आलं नव्हतं तिथे आठवडा गेला. सगळं मिळून 31 दिवस लागले, समोरच्याचे 45 चुकले नाहीत. एजंट ज्या घाईची भीती घालत होता ती घाई एवढीच. कागद खरंच खराब असते, पूर्णत्वाचा दाखला नाही, मधलं एखादं खरेदीखत गायब, तर होम लोन झालंच नसतं, आणि मग लॅपचे मोकळे पैसे घेऊन तोच फ्लॅट घेणं हा मोह असतो. करतात लोक. पण ज्या घरावर बँक 32 लाख लावायला तयार नाही त्यावर आपण 42 का लावावे, हे मला कधी कळलं नाही.

दोन्ही लोनची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर गहाण ठेवल्याची रजिस्ट्रार ऑफिसला द्यायची सूचना, गहाण झाल्यापासून 30 दिवसांत फाइल करायची असते, आणि कागद जमा करून होणाऱ्या गहाणाला स्टॅम्प ड्युटी पण लागते, हा खर्च एजंटच्या कागदावर कुठेच नव्हता. लॅपच्या प्रोसेसिंग फीबद्दल पण तसंच, 1 टक्का अधिक जीएसटी म्हणजे 44 लाखांवर 51,920 रुपये गेले असते. 12 लाखांवर 14,160 गेले.

टॅक्सचं थोडक्यात, कारण सगळे तिथेच अडकतात. लोनचं नाव काय यापेक्षा पैसा कुठे गेला हे बघतात. मशीनचे 12 लाख धंद्यात गेले तर त्याचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून लावता येतं, पण बँकेतून थेट मशीन विकणाऱ्याला आरटीजीएस झालेलं दिसलं पाहिजे, मधे बचत खात्यात फिरवून त्यातूनच किराणा भरायचा नाही. फ्लॅटच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची सूट जुन्या पद्धतीत मिळते, आणि मावसभाऊ नव्या पद्धतीत आहे, आई-वडील राहणार म्हणजे भाडं नाही, त्यामुळे त्याला घरासाठी काहीच नाही. एजंटनं त्याला टॅक्स वाचेल म्हणून सांगितलं होतं. कुठल्या पद्धतीत हे विचारलं नव्हतं.

एक तोटा मी त्याला आधीच सांगितला होता आणि इथेही लिहितो. आता त्याची दोन घरं गहाण आहेत. एजंटच्या रस्त्यानं फ्लॅट मोकळा राहिला असता आणि अडचण आली तर विकून सुटता आलं असतं. हे खरं आहे, पण मग रो हाउसवर पूर्ण 44 लाखांचा भार असता आणि हप्ता थकला तर बँक सरफेसीनं तेच घर ओढणार, जिथे बायको-पोरं राहतात. आता मशीनचं कर्ज थकलं तर रो हाउस अडचणीत येईल, पण 12 लाखांसाठी, आणि तेवढे पैसे मशीन विकून पण बऱ्यापैकी निघतील. तो म्हणाला यावर तरी झोप लागेल.

ज्यांचं आधीच होम लोन चालू आहे त्यांनी लॅपकडे जायच्या आधी त्याच बँकेला टॉप-अप, म्हणजे चालू लोनवरच वाढीव कर्ज, विचारावा, दर होम लोनपेक्षा थोडा जास्त आणि लॅपपेक्षा बहुतेक कमी. त्याचं रो हाउस मोकळं होतं म्हणून हा रस्ता नव्हता. आणि एक उलटं पण लक्षात ठेवा, काही लोक आधी स्वतःचे सगळे पैसे घालून फ्लॅट घेतात आणि वर्षभरानं धंद्याला पैसे लागले की होम लोन मागायला येतात. तेव्हा मिळत नाही, काही बँका खरेदीनंतर थोड्या महिन्यांपर्यंत देतात, नंतर तो लॅपच होतो, लॅपच्या दरानं.

फेब्रुवारीत मावशी-आप्पा राहायला आले, व्हीएमसी एप्रिलपासून चालू आहे. पुण्याच्या धाकट्यानं परवा विचारलं की सात वर्षांनी माझं नाव कधी सुटणार. मी म्हटलं, लोन पूर्ण फिटलं की 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2023 पासून आहे, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, आणि सिबिलला क्लोज्ड दिसतंय का ते आपणच दोन महिन्यांनी बघायचं. त्यानं तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलीय, 2033 ची.